चालू खात्यावरची सही बदलण्याचं पत्र: नव्या नावाआधी बाहेर गेलेले चेक मोजा

मी इचलकरंजीत सूत आणि कापडाच्या छोट्या पेढ्यांचे हिशेब लिहितो. वर्षातून तीन-चार वेळा तरी एखादी पेढी विचारते, "बँकेत सही बदलायची आहे, एक पत्र टाइप करून द्या." पूर्वी मी ते दहा मिनिटांत देत असे. पेढीचं नाव, खाते क्रमांक, अमुक यांची सही काढावी, तमुक यांची घ्यावी, कळावे. असंच मी लिहिलेलं एक पत्र बँकेने स्वीकारलं, आठवड्याभरात सही बदललीही. त्यानंतर सूतवाल्याला आधी दिलेला चेक परत आला. खात्यात शिल्लक भरपूर होती, पण परतीच्या मेमोवर कारण होतं क्रमांक १२, म्हणजे सही नमुन्याशी जुळत नाही. चेकवरची सही अगदी खरी होती, फक्त ती सही करणारा माणूस आता बँकेच्या नोंदीत नव्हता. सूतवाल्याने वकिलाची नोटीस पाठवली, आम्ही मुदतीत आरटीजीएसने पैसे भरले आणि प्रकरण मिटलं. पण वीस वर्षांचा व्यवहार असलेल्या माणसाने पुढे उधारी बंद केली. त्या पत्रात कोणते चेक बाहेर आहेत याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती.

म्हणून हा लेख नोंदणीकृत भागीदारी पेढीपुरता आहे, आणि त्यातही एका नेहमीच्या प्रसंगाचा: एक भागीदार निवृत्त होतो आणि त्याच्या जागी दुसरा भागीदार सही करू लागतो. एकल मालकीच्या धंद्यात सहीचा हक्क मालकाचाच असतो, तिथे दुसऱ्याला फक्त अधिकारपत्र देता येतं. कंपनीला संचालक मंडळाचा ठराव लागतो. त्या दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, पण चेकबद्दलचा भाग त्यांनाही तितकाच लागू पडतो.

बँक सही कधी पाहते

आपल्या मनात एकच तारीख असते: थोरले ज्या दिवशी निवृत्त झाले तो दिवस. बँकेच्या बाजूने मात्र तीन तारखा असतात. पहिली निर्णयाची, दुसरी पत्र शाखेत आवक झाल्याची, आणि तिसरी संगणकात नवा नमुना चढल्याची. बऱ्याच बँकांत तिसरं काम शाखेत होतच नाही. कागद स्कॅन होऊन दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे जातात, तिथे तपासून नमुना बदलला जातो. एखादा कागद अपुरा निघाला तर प्रकरण शाखेकडे परत येतं आणि पुन्हा रांगेत लागतं.

क्लिअरिंगमधून आलेल्या चेकची सही त्या दिवशी संगणकात असलेल्या नमुन्याशी ताडली जाते. चेक कधी लिहिला हे तिथे बसलेला माणूस पाहत नाही. त्याच्यासमोर चेकची प्रतिमा असते आणि शेजारी सहीचा नमुना. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग पाठवले जातात आणि देणाऱ्या बँकेने त्याच दिवशी होकार किंवा नकार कळवायचा असतो. पूर्वी शाखेतला ओळखीचा अधिकारी फोन करून विचारायचा, "काका, ही सही तुमचीच ना?" आता त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो, हा नियम १ एप्रिल २०१२ पासून आहे. पुढची तारीख टाकलेला चेक असेल तर हे तीन महिने त्या पुढच्या तारखेपासून मोजायचे. म्हणजे मार्चमध्ये सही करून दिलेला १५ जूनचा चेक १५ सप्टेंबरच्या आसपासपर्यंत जिवंत असतो. थोरल्यांची सही मार्चअखेर काढली, तरी ती सही आणखी साडेपाच महिने बाजारात फिरत राहते.

आधी जोडा, मग काढा

यावर माझा उपाय म्हणजे एकाऐवजी दोन पत्रं. पहिल्या पत्राने नवी सही जोडायची, जुनी तशीच ठेवायची. ती जोडली गेल्याची खात्री झाली की दुसऱ्या पत्राने जुनी काढायची. मधल्या दोन-तीन आठवड्यांत बाहेरचे चेक बदलून घ्यायचे. त्या काळात खातं कुणावाचून अडत नाही आणि जुना चेकही परत येत नाही.

याला एकच अपवाद आहे. सही करणाऱ्यावरचा विश्वास उडाला असेल, उदाहरणार्थ सहीचा अधिकार दिलेला व्यवस्थापक पैसे वळवताना सापडला असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी लेखी पत्राने त्याचा अधिकार रद्द करा, नेट बँकिंग बंद करवा आणि चेकची यादी नंतर द्या. त्याच्या संमतीची गरज नाही, कारण अधिकार पेढीने दिला होता आणि पेढीच तो काढून घेते. भागीदारांतच वाद असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एका भागीदाराने "खात्यावरचे व्यवहार थांबवा" असं लेखी दिलं तरी बँक साधारणपणे खातं थांबवते आणि सगळ्यांचं एकत्र पत्र येईपर्यंत उघडत नाही. अशा वेळी सही बदलण्याचं पत्र घेऊन जाण्यात अर्थ नाही, आधी आपसांत तोडगा हवा.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पेढीत तीन भागीदार आहेत: थोरले, मधले आणि धाकटे. चेकवर थोरले आणि मधले दोघांच्या सह्या एकत्र लागतात. धाकटे भागीदार आहेत, पण बँकेत त्यांची सही नाही. थोरले ३१ मार्चच्या कामकाजाअखेर निवृत्त होणार आहेत. १ एप्रिलला वार्षिक हिशेबामुळे बँका ग्राहकांसाठी बंद असतात, म्हणून सगळं मार्चमध्येच उरकायचं ठरलं.

१० मार्चला पहिलं पत्र दिलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: "आजपासून खाते श्री. अ. ब. क., श्री. ड. ई. फ. आणि श्री. ग. ह. ज. या तीन भागीदारांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने चालवावे." त्यासोबत धाकट्यांची केवायसीची कागदपत्रं आणि सहीचं कार्ड जोडलं. १८ मार्चला नोंद झाल्याचं शाखेने कळवलं. त्या दिवसापासून मधले आणि धाकटे मिळून चेक काढू शकत होते.

चेकची मोजदाद

दुसरं पत्र लिहायला बसण्याआधी चेकबुकांची अर्धुकं आणि बँकेचं विवरणपत्र शेजारी घेऊन बसा. प्रत्येक पानाचं काय झालं हे कळलं पाहिजे: वटलं, रद्द झालं, बाहेर आहे, की कोरं शिल्लक आहे. नुसतं हिशेबाचं सॉफ्टवेअर पाहून भागत नाही. तारण म्हणून दिलेले कोरे चेक त्यात कधीच नसतात, कारण त्यांची नोंदच झालेली नसते.

आमच्या पेढीचं चालू चेकबुक ०००४०१ ते ०००४२५ होतं. त्यात हे निघालं. ०००४०९ हा २४ मार्चचा, ट्रकवाल्याच्या भाड्याचा ३१,४०० रुपयांचा चेक अजून वटला नव्हता. ०००४१२, ०००४१३ आणि ०००४१४ हे सूतवाल्याला दिलेले प्रत्येकी ८५,००० रुपयांचे चेक होते, अनुक्रमे १५ एप्रिल, १५ मे आणि १५ जून या तारखांचे. ०००४१५ आणि ०००४१६ या दोन पानांवर थोरल्यांनी गावाला जाताना आगाऊ सह्या करून ठेवल्या होत्या. बाकी ०००४१७ ते ०००४२५ ही नऊ पानं कोरी होती. आधीच्या चेकबुकातला ०००३८७ हा बिनतारखेचा, बिनरकमेचा, दोघांच्या सह्या असलेला चेक तीन वर्षांपूर्वी रंगद्रव्याच्या पुरवठादाराला तारण म्हणून दिलेला होता. त्याची आठवण फक्त धाकट्यांना होती.

सूतवाल्याकडे जाऊन मे आणि जूनचे दोन चेक परत मागितले, त्या जागी मधल्या आणि धाकट्यांच्या सहीचे तेवढ्याच रकमेचे नवे चेक दिले. परत घेतलेल्या चेकवर आडव्या रेघा मारून "रद्द" लिहिलं आणि ते फाईलला लावले. फाडून टाकू नका, कारण उद्या कुणी विचारलं तर तो कागदच दाखवावा लागतो. एप्रिलचा चेक मात्र सूतवाल्याने आधीच आपल्या बँकेत पुढच्या तारखेच्या चेकांसोबत जमा करून ठेवला होता, तो परत मिळेना. म्हणून तो आणि ट्रकवाल्याचा, असे दोनच चेक "द्यावेत" या यादीत राहिले. एकूण १,१६,४०० रुपये.

रंगद्रव्याच्या पुरवठादाराने सांगितलं की तारणाचा चेक त्याला सापडत नाही. आम्ही त्याच्याकडून तसं लेखी घेतलं: अमुक क्रमांकाचा चेक गहाळ आहे, पेढीकडे आपलं काही येणं नाही, चेक सापडला तर तो वटवायला न टाकता परत करू. त्यानंतरच त्या चेकचं पेमेंट थांबवायला बँकेला कळवलं. हे लेखी न घेता नुसतं पेमेंट थांबवलं असतं आणि उद्या त्याने तो चेक रक्कम भरून टाकला असता, तर भांडण आमच्या दारात आलं असतं.

"सही जुळत नाही" हे कायद्यातून सुटण्याचं कारण नाही

पुष्कळ व्यापाऱ्यांचा समज असतो की चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ फक्त शिल्लक नसल्यावर लागतं आणि सहीमुळे परत आलेला चेक ही नुसती तांत्रिक चूक असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात नेमका हाच प्रश्न सोडवला. त्यातही पुढच्या तारखेचे चेक दिल्यानंतर सह्या करणारी माणसं बदलली होती आणि चेक सही न जुळल्याचं कारण देऊन परत गेले होते. न्यायालयाने म्हटलं की अशा कारणाने परत आलेला चेकसुद्धा कलम १३८ खाली येऊ शकतो. त्याचबरोबर हेही स्पष्ट केलं की चेक देणाऱ्याला नोटीस मिळाल्यावर पैसे चुकते करण्याची संधी असते आणि त्याने मुदतीत पैसे दिले तर गुन्हा होत नाही.

ती मुदत नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची आहे. चेक परत आल्याचं कळल्यावर ३० दिवसांत नोटीस पाठवायची असते. म्हणून सही बदलल्यानंतर एखादा चेक परत आलाच, तर नोटिशीची वाट पाहू नका. त्याच दिवशी समोरच्याला फोन करा, आरटीजीएस करा आणि परत आलेला चेक ताब्यात घ्या. निवृत्त होणाऱ्यानेही इथे स्वतःपुरता विचार करायला हवा. चेकवर सही त्यांची आहे, त्यामुळे नोटीस त्यांच्या नावावरही येऊ शकते, मग ते पेढीतून बाहेर पडलेले असले तरी. थोरल्यांना हे समजावून सांगितल्यावर सूतवाल्याकडे चेक आणायला ते स्वतःच गेले.

दुसरं पत्र

पत्र पेढीच्या लेटरहेडवर हवं. तिन्ही भागीदारांच्या सह्या हव्यात, चेकला दोघांच्या चालत असल्या तरी. चेक काढणं हा खाते चालवण्याचा भाग आहे, पण खातं कुणी चालवायचं हे ठरवणं सगळ्या भागीदारांचं काम आहे. निवृत्त होणाऱ्याची सही निवृत्तीपत्रावर असतेच, तरी या पत्रावरही घ्या, म्हणजे पुढे कुणाला शंकेला जागा राहत नाही. आमचं पत्र २७ मार्चला दिलं, ते असं होतं:

> प्रति,
> शाखाधिकारी,
> (बँकेचे नाव, शाखा)
>
> विषय: चालू खाते क्र. (पूर्ण क्रमांक) वरील अधिकृत स्वाक्षरीकर्त्यांत बदल
>
> संदर्भ: आमचे दि. १० मार्चचे पत्र, आपला आवक क्र. (…)
>
> महोदय,
>
> १. आमच्या पेढीचे भागीदार श्री. अ. ब. क. हे दि. ३१ मार्च रोजीच्या कामकाजाअखेर पेढीतून निवृत्त होत आहेत. निवृत्तीपत्राची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. पेढी उरलेल्या दोन भागीदारांसह त्याच नावाने चालू राहील.
>
> २. दि. ३१ मार्चच्या कामकाजाअखेरपासून श्री. अ. ब. क. यांचा सदर खाते चालविण्याचा अधिकार संपुष्टात येईल. त्यानंतर खाते श्री. ड. ई. फ. आणि श्री. ग. ह. ज. या दोघांच्या संयुक्त सहीने चालवावे. यापूर्वी दिलेल्या सर्व सूचना या मर्यादेपर्यंत रद्द समजाव्यात.
>
> ३. श्री. अ. ब. क. यांच्या सहीने वरील तारखेपूर्वी दिलेले खालील चेक त्या तारखेनंतर सादर झाले तरी त्यांचे पैसे द्यावेत:
> क्र. ०००४०९, दि. २४ मार्च, रु. ३१,४००, (घेणाऱ्याचे नाव)
> क्र. ०००४१२, दि. १५ एप्रिल, रु. ८५,०००, (घेणाऱ्याचे नाव)
>
> ४. पुढील चेकचे पैसे कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत: क्र. ०००३८७ (गहाळ), ०००४१३, ०००४१४, ०००४१५ आणि ०००४१६ (रद्द, आमच्या ताब्यात).
>
> ५. या खात्याच्या इंटरनेट बँकिंगमधील श्री. अ. ब. क. यांचा वापरकर्ता क्रमांक दि. ३१ मार्चच्या कामकाजाअखेर बंद करावा. खात्याशी जोडलेला त्यांचा मोबाइल क्रमांक व ई-मेल काढून श्री. ड. ई. फ. यांचा मोबाइल क्रमांक व पेढीचा ई-मेल जोडावा. त्यांच्या नावे दिलेले डेबिट कार्ड बंद करावे.
>
> ६. बदलाची नोंद झाल्याचे, तसेच परिच्छेद ३ व ४ मधील सूचना नोंदविल्याचे आम्हाला लेखी कळवावे.
>
> आपले,
> (पेढीचे नाव) करिता
>
> (तिन्ही भागीदारांच्या सह्या, प्रत्येकाखाली पूर्ण नाव, आणि पेढीचा शिक्का)

यातल्या काही ओळी तशाच का ठेवल्या ते सांगतो.

दुसऱ्या परिच्छेदात सहीची पद्धत पुन्हा पूर्ण लिहिली आहे. पहिल्या पत्रात "तिघांपैकी कोणतेही दोघे" असं होतं. नुसतं "श्री. अ. ब. क. यांचं नाव काढावं" एवढंच लिहिलं असतं तर "कोणतेही दोघे" हे शब्द राहिले असते आणि दोघांपैकी कोणतेही दोघे म्हणजे काय, यावर बँकेतल्या कुणीतरी आपल्या मनाने अर्थ लावला असता. दोघांच्या संयुक्त सहीचा एक तोटाही आहे: एक आजारी पडला की खातं थांबतं. धाकट्यांना मालासाठी महिना-महिना बाहेर राहावं लागत असेल तर "दोघांपैकी कोणीही एक" असं लिहिणं परवडतं का, हे भागीदारांनी पत्र लिहिण्याआधीच ठरवावं. अमुक रकमेपर्यंत एकाची आणि त्यावर दोघांची सही, असंही लिहिता येतं, पण शाखेला आधी विचारा. काही ठिकाणी अशी अट संगणकात बसत नाही आणि पत्र परत येतं.

तिसऱ्या परिच्छेदावर पूर्ण विसंबू नका. शाखेने सूचना घेतली तरी सही ताडणारा माणूस दुसऱ्या शहरात असू शकतो. म्हणूनच बाहेरचे चेक आधी बदलून घेण्याची एवढी धडपड केली आणि यादीत दोनच उरू दिले. त्या दोनपैकी ८५,००० रुपयांच्या चेकसाठी आम्ही पॉझिटिव्ह पेमध्ये तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव भरलं. ही सोय १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी आहे. तिने सहीचा प्रश्न सुटत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पण तपशील आपणच कळवलेला असल्याने अधिकाऱ्याला संशय आला तर शाखेकडे विचारण्याची शक्यता वाढते. १५ एप्रिलला सकाळी शाखेत फोनही केला. चेक वटला.

पाचवा परिच्छेद बहुतेक पत्रांत नसतोच. सहीचं कार्ड बदललं म्हणजे नेट बँकिंगही बदललं असं लोक धरून चालतात. ती दोन वेगळी दप्तरं आहेत. मी एका पेढीत पाहिलं की निवृत्त भागीदार आठ महिने घरबसल्या मोबाइलवर ओटीपी घेत होते आणि पेढीचा मुनीम रोज त्यांना फोन करून तो विचारत होता. दोघांचाही हेतू चांगला होता. पण पेढीचे पैसे बाहेरच्या माणसाच्या फोनवर अवलंबून होते.

सोबतचे कागद, आणि सहीचा एक स्थानिक घोळ

निवृत्तीपत्राची किंवा सुधारित भागीदारीपत्रकाची प्रत, पेढीचं पॅन, नोंदणीचा दाखला, उरलेल्या भागीदारांचे पॅन आणि आधार किंवा दुसरा पत्त्याचा पुरावा, फोटो, बँकेच्या स्वतःच्या नमुन्यातलं भागीदारी पत्र आणि सहीची कार्डं एवढं साधारण लागतं. शाखेचा छापील अर्ज असेल तर तो भरा, पण तो भरला म्हणून आपलं पत्र देणं सोडू नका. छापील अर्जात चेकच्या यादीला जागा नसते. कागदपत्रांतला बदल झाल्यापासून ३० दिवसांत बँकेला कळवावा असं रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश सांगतात, त्यामुळे "नंतर सावकाश देऊ" म्हणू नका.

आपल्याकडे हमखास होणारा घोळ म्हणजे सहीची भाषा. धाकट्यांची पॅनवर सही इंग्रजीत, बचत खात्यात मराठीत आणि भागीदारीपत्रकावर तिसरीच. केंद्रातला तपासनीस या सगळ्या सह्या शेजारी ठेवतो आणि प्रकरण परत पाठवतो. मराठी सही पूर्णपणे चालते, तिला कुणी हरकत घेऊ शकत नाही. फक्त जी सही कार्डवर करणार आहात तीच पत्रावर, निवृत्तीपत्रावर आणि भागीदारी पत्रावर करा. जुन्या कागदावर वेगळी असेल तर शाखाधिकाऱ्यासमोर सही करून ती साक्षांकित करून घ्या.

निवृत्तीपत्र मराठीत असेल आणि कागद परराज्यातल्या केंद्राकडे जाणार असतील, तर त्यातल्या सहीच्या आणि निवृत्तीच्या तारखेच्या कलमांचं इंग्रजी भाषांतर भागीदारांच्या सहीने जोडा. अशा एका पानामुळे माझी दोन प्रकरणं पंधरा दिवस तरी लवकर झाली.

कर्ज असेल तर

याच बँकेत कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट असेल तर सही बदलणं हे कर्ज विभागाचंही काम होतं. निवृत्त भागीदाराने दिलेली वैयक्तिक हमी त्याची सही काढल्याने संपत नाही, ती बँकेने लेखी मोकळी करावी लागते. खात्यात बाकी नावे असताना भागीदार निवृत्त झाला, तर बँक कधी कधी जुनं खातं गोठवून नवं उघडायला सांगते. लोक यावर चिडतात, पण त्यामागे कारण आहे. त्याच खात्यात पुढे पैसे जमा होत राहिले तर ते आधी जुन्या उचलीपोटी वळते होतात, जुनं कर्ज फिटल्यासारखं होतं आणि निवृत्त भागीदारावरची बँकेची पकड सुटते. असं होणार असेल तर चेकची यादी आणखी महत्त्वाची होते, कारण गोठवलेल्या खात्यावरचा एकही जुना चेक वटणार नाही. अशा वेळी सगळेच्या सगळे चेक आधी बदलून घ्या.

पोच, आणि खरोखर बदललं का हे पाहणं

पत्राच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का, तारीख, अधिकाऱ्याची सही आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर नम्रपणे थांबा आणि पोच घेऊनच निघा. त्याच दिवशी पत्र स्कॅन करून पेढीच्या नोंदलेल्या ई-मेलवरून शाखेच्या ई-मेलवर पाठवा. लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न पोचेचाच येतो.

नोंद झाल्याचं कळल्यावर मी एक चाचणी करतो. नव्या दोन सह्यांचा हजार रुपयांचा चेक भागीदाराच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जमा करतो, म्हणजे तो क्लिअरिंगमधून येतो. आपल्याच शाखेच्या खिडकीवर रोख काढून काही कळत नाही, तिथे माणसं ओळखतात. चेक परत आला तर मेमोवरचा क्रमांक वाचा. १२ म्हणजे सही जुळत नाही, बहुधा नमुना नीट स्कॅन झालेला नाही किंवा आपणच वेगळी सही केली. १४ म्हणजे सही ठरलेल्या पद्धतीप्रमाणे नाही, म्हणजे संगणकात अजून जुनीच जोडी आहे. १६ म्हणजे खाते चालवण्याचा अधिकार पोचलेला नाही, म्हणजे कागद कुठेतरी अडकले आहेत. तिन्ही वेळा शाखेत जाऊन सांगायची गोष्ट वेगळी असते.

बँकेबाहेरची दोन कामं याच आठवड्यात करा. जीएसटी पोर्टलवरचा अधिकृत स्वाक्षरीकर्ता बँकेपेक्षा स्वतंत्र असतो आणि भागीदार कमी झाल्याची दुरुस्ती तिथे १५ दिवसांत करायची असते. दुसरं, निवृत्तीची जाहीर सूचना. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ३२ प्रमाणे अशी सूचना देईपर्यंत निवृत्त भागीदार आणि पेढी बाहेरच्यांना एकमेकांच्या कृत्यांबद्दल बांधील राहतात. नोंदणीकृत पेढीसाठी ती सूचना म्हणजे निबंधकाला कळवणं, राजपत्रात प्रसिद्धी, आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका तरी स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात. बँकेला दिलेलं पत्र या सूचनेची जागा घेत नाही.

आमच्या फाईलमध्ये शेवटी चार कागद एकत्र लावले: पोच असलेलं पत्र, बँकेचं नोंद झाल्याचं उत्तर, रद्द केलेले चेक आणि रंगद्रव्यवाल्याचं लेखी. वर पेन्सिलने १५ जुलै लिहिलं, कारण १५ एप्रिलचा तो उरलेला चेक त्या दिवसापर्यंत कधीही येऊ शकत होता. तो आधीच वटला, तेव्हा ती तारीख खोडली. ०००३८७ वर मात्र तारीखच नाही, म्हणून त्याचं थांबवलेलं पेमेंट अजून चालू ठेवलं आहे.